जळगावच्या मॉलमध्ये केळी वेफर्सचं काउंटर: ठोक भाडं द्यावं की विक्रीतला हिस्सा?

केळीवाली_रावेर
मंडळी, नमस्कार. रावेरला आमचं केळी वेफर्सचं छोटं युनिट आहे. घरामागे पत्र्याची शेड, दोन कढया, चार बायका कामाला. साध्या, मिरीच्या आणि तिखट अशा तीन चवी करतो, सोबत बिबड्या आणि उडदाचे पापड. आजवर माल दुकानदारांना दिला, प्रदर्शनात टेबल लावलं. आता जळगावातल्या एका मॉलमध्ये तळमजल्यावर सहा बाय आठ फुटांची जागा मिळतेय. दुकान नाही, मधल्या मोकळ्या जागेतलं काउंटर, मॉलवाले त्याला कियॉस्क म्हणतात.

मॉलच्या माणसाने दोन पर्याय दिलेत. पहिला, महिना २८,००० ठोक भाडं, देखभाल त्यातच. दुसरा, किमान १८,००० किंवा विक्रीच्या १८ टक्के, यातलं जे जास्त असेल ते, आणि देखभालीचे ४,००० वेगळे. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. करार अकरा महिन्यांचा, त्यातले पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे सोडता येणार नाही. डिपॉझिट तीन महिन्यांचं. "रोजचे सात हजार लोक येतात, ताई," असं तो तीनदा म्हणाला.

यजमान म्हणतात दुसरा घे, माल खपला नाही तर ओझं कमी. दीर म्हणतात पहिला घे, आपल्या विक्रीत कोणाचा हात नको. मला दोघांचंही पटतं आणि झोप लागत नाही. कोणी असं काउंटर चालवलंय का?

सेवाकेंद्र_पारोळा
ताई, कियॉस्कसाठी आधी बँकेचा कोड लागतो. माझं ग्राहक सेवा केंद्र आहे. पैसे काढून देण्यावर कमिशन मिळतं, पण मॉलमध्ये ते चालणार नाही, आपलं गिऱ्हाईक खेड्यातलं. गावात ग्रामपंचायतीजवळ गाळा बघा.

केळीवाली_रावेर
दादा, बँकेचं नाही हो, वेफर्सचं काउंटर. तरी आपुलकीने लिहिलंत, आभार.

जमाखर्च_भुसावळ
ताई, डोळे मिटून दुसरा पर्याय घ्या. हिश्श्याच्या करारात मॉल तुमचा भागीदार होतो. धंदा झाला तर तो खाणार, नाही झाला तर तोही उपाशी. मग तो आपणहून तुमच्याकडे गर्दी वळवतो. ठोक भाड्यात त्याला काय पडलंय? आणि जीएसटीची काळजी करू नका, भाड्यावर भरलेला कर परत मिळतोच. तो खर्चात धरायचाच नाही. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो.

मोजपट्टी
भुसावळकर, जरा थांबा. मी नऊ वर्षं मॉलमध्ये जागा भाड्याने देण्याचंच काम केलं, आधी पुण्यात, मग नाशकात. आता घरी जळगावला आहे. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलतोय.

"धंदा नाही तर मॉलही उपाशी" हे निव्वळ हिश्श्याच्या करारात खरं असतं. ताईंच्या करारात "किमान १८,०००" आहे. पाकीट विकलं नाही तरी १८,००० आणि देखभालीचे ४,००० जाणारच. मॉलने खालची बाजू बांधून घेतलीय आणि वरची उघडी ठेवलीय. नुकसान तुमचं एकट्याचं, फायदा दोघांचा. याला भागीदारी म्हणत नाहीत.

आता दोन आकडे काढा, ताई. १८,००० ला १८ टक्क्यांनी भागलं की १ लाख येतात. महिन्याची विक्री लाखाच्या आत असेल तर किमान रक्कम लागू, लाख ओलांडले की टक्के सुरू. दुसरा आकडा, दोन्ही पर्याय कुठे सारखे होतात? २८,००० मधून देखभालीचे ४,००० वजा केले की २४,००० उरतात, आणि २४,००० म्हणजे १,३३,००० च्या आसपास विक्रीचे १८ टक्के. विक्री त्याहून कमी राहणार असेल तर हिस्सा स्वस्त, जास्त होणार असेल तर ठोक भाडं स्वस्त. म्हणजे यजमान आणि दीर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या विक्रीला.

पण भांडण या दोन पर्यायांचं नाहीच. तुमच्या टेबलासमोर महिन्याला किती विक्री होईल, हे कोणाला ठाऊक आहे? ते कळेपर्यंत सही करू नका.

कव्हरवाला_अमळनेर
मी माझं सांगतो. मोबाईल कव्हर आणि काचा लावायचं काउंटर होतं, एका मॉलमध्ये, दीड वर्ष. नाव घेत नाही. दाराजवळची जागा बघून हो म्हटलं. चार महिने रोज चार हजारांचा गल्ला. पाचव्या महिन्यात पत्र आलं, पंधरा दिवसांत जागा बदला, तिथे गाडीचं प्रदर्शन लागणार. नवी जागा सरकत्या जिन्याच्या पाठीमागे. जिना वर जातो, लोकांची पाठ आपल्याकडे. गल्ला पंधराशेवर आला. भाडं तेच.

करार काढून बघितला तर तेराव्या पानावर लिहिलेलं, "व्यवस्थापन आवश्यकतेनुसार स्थलांतर करू शकेल." मी वाचलंच नव्हतं. लॉक-इन संपेपर्यंत बसलो तिथे आणि डिपॉझिट निघायला पाच महिने लागले. त्या काळात घरचं काय चाललं ते माझं मला माहीत. ताई, ते एक कलम शोधा आणि बदलून घ्या. जागा बदलली तर भाडं कमी व्हावं, नाहीतर लॉक-इन न धरता आपल्याला उठता यावं. एवढं तरी लिहून घ्याच.

मोजपट्टी
कव्हरवाले भाऊ, तुमच्यासारखी पत्रं मीही काढलीत. ते कलम जवळपास प्रत्येक करारात असतं आणि मागितलं तर बदलून मिळतं, विशेषतः अर्ध्या जागा रिकाम्या असतील तेव्हा. आपल्याकडे त्या असतातच.

केळीवाली_रावेर
करार मागवला. कलम आहे, अकराव्या पानावर. मोजपट्टी दादा, विक्री किती होईल ते आधीच कसं कळणार? सात हजारांतले शंभरात दोन जरी धरले तरी रोजची १४० गिऱ्हाईकं होतात. मी तसंच धरलं होतं.

मोजपट्टी
सात हजार खोटे नसतील, पण ते तुमचे नाहीत. दारावरचा कॅमेरा आत येणारं प्रत्येक डोकं मोजतो. दुकानातली पोरं चहाला बाहेर जाऊन आली की परत मोजली जातात. गाडीत विसरलेली पिशवी आणायला गेलेला माणूस दोनदा मोजला जातो. सिनेमाचं गिऱ्हाईक पार्किंगमधून लिफ्टने थेट वर जातं, ते तुमच्या तळमजल्याला पायही लावत नाही. आणि महिन्याची बेरीज तीसने भागली की रविवारची गर्दी बुधवारच्या अंगावर पसरते.

म्हणून स्वतः मोजायचं. एक रविवार आणि एक बुधवार, तुमच्या नेमक्या जागेसमोर बसायचं. वहीत चार उभ्या रेषा आणि पाचवी आडवी, तेवढं पुरतं. समोरून दहा फुटांच्या आत गेलेली मोठी माणसं मोजा, पोरं सोडा. तिथे खाण्याच्या पाकिटांचं दुसरं काउंटर असेल तर त्याची बिलंही मोजा. खरा आकडा तोच. बघणारे, हात लावणारे, भाव विचारणारे मोजू नका, पैसे दिले की रेघ मारा.

आणखी एक बघा. लोक आत जाताना समोरून जातात की बाहेर पडताना? वेफर्सचं पाकीट फुगीर असतं, ते हातात घेऊन कोणी दोन तास फिरत नाही. घरी न्यायचा माल बाहेरच्या वाटेवर खपतो. मुलाच्या हातात द्यायची वस्तू असेल तर आतल्या वाटेवर चालते.

शिंदखेडा_मिरची
मिरची पावडरचं पण असंच का? माझ्याकडे घरचा माल आहे, मॉलमध्ये मिरचीला गिऱ्हाईक मिळेल का?

मोजपट्टी
मिरचीचं गिऱ्हाईक उन्हाळ्यात वर्षाचं एकदम घेतं आणि वास घेऊन, रंग बघून घेतं. मॉलमध्ये ते येत नाही असं माझं मत, पण मी मिरची विकली नाही. वेगळा धागा काढा, विकणारे सांगतील.

केळीवाली_रावेर
मोजून आले. रविवारी मी आणि मुलगी चार ते नऊ बसलो, बुधवारी मी एकटी पाच ते नऊ.

रविवारी समोरून १,४०० माणसं गेली, बुधवारी ३८०. शेजारी मक्याच्या लाह्या आणि चकलीच्या पाकिटांचं काउंटर आहे. तिथे रविवारी ३१ बिलं झाली, बुधवारी ९. तिथली पोर भली आहे, तिने स्टूल दिलं. म्हणाली, बाराच्या आधी तर कोणी येतच नाही.

आणखी एक दिसलं. रविवारी बाया थांबतात, पाकीट उलटं करून मागचा भाव बघतात आणि ठेवतात. सोबत म्हातारी असली तर मात्र घेतात. असं का ते कळलं नाही, पण सात-आठ वेळा दिसलं.

प्रदर्शनात माझं एक बिल सरासरी १३० रुपयांचं होतं. १३० च्या मालात तेल, केळी, गॅस, बायकांची मजुरी, पाकीट सगळं काढून ५५ रुपये उरतात. माल मोडतो, वास लागतो, ते वेगळं.

मोजपट्टी
वा. इतकं नीट मोजून आणलेलं मी ऑफिसात बसूनही क्वचित पाहिलं. आता सोबत मांडू.

शंभरात सव्वादोन माणसं विकत घेतात, रविवारीही आणि बुधवारीही. हे प्रमाण गर्दीने बदललं नाही, हे महत्त्वाचं. दुपारची थोडी विक्री मिळवून रविवारची ४० बिलं धरू, शनिवारची २६, इतर दिवशी १३. महिन्यात चार रविवार १६०, चार शनिवार १०४, बाकी २२ दिवसांची २८६. एकूण ५५० बिलं. १३० ने गुणले की ७१,५००. मोडलेला माल न धरता १०० ला ४२ रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला ३०,०००.

आता खर्च. विक्री लाखाच्या आत, म्हणून हिश्श्याचा पर्याय घेऊ. १८,००० अधिक ४,०००, त्यावर १८ टक्के कर, झाले २५,९६०. मॉल सकाळी अकरा ते रात्री साडेनऊ, आठवड्याचे सातही दिवस. एक मुलगी पुरत नाही, तिला सुट्टी लागते, जेवायला उठावं लागतं. दीड माणूस धरा, १७,०००. वीज १,५००. आणि काउंटर बनवायचा खर्च किती सांगितला सुताराने?

केळीवाली_रावेर
१,५४,०००. मॉलचा आराखडा आहे, उंची चार फुटांवर जाऊ द्यायची नाही, मागच्या दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून. काच आणि दिवे त्यांच्याच पसंतीचे. यजमान म्हणतात काउंटर पाच वर्षं टिकेल.

मोजपट्टी
लाकूड पाच वर्षं टिकेल, करार अकरा महिने टिकणार आहे. सहा बाय आठच्या मापाचं, या मॉलच्या रंगाचं काउंटर दुसरीकडे बसत नाही. म्हणून खर्च अकरानेच भागायचा. महिना १४,०००.

बेरीज करा. २५,९६०, १७,०००, १,५००, १४,०००, म्हणजे ५८,४६०. हातात ३०,०००. महिन्याला साडेअठ्ठावीस हजारांची तूट, तुमची स्वतःची मेहनत आणि रावेर-जळगाव गाडीभाडं न धरता.

मग किती विकलं तर बरोबरी होते? ठोक भाड्यात १,५६,०००. हिश्श्यात १,७९,०००, कारण लाखाच्या वर प्रत्येक शंभरातले १८ आणि त्यावरचा कर जात राहतो. १,५६,००० म्हणजे महिन्याला १,२०० बिलं, रोजची ४०. ताई, ४० हा तुमचा रविवारचा आकडा आहे. रोज रविवार उगवला तर तुम्ही ना नफा ना तोट्यात.

जमाखर्च_भुसावळ
तूट फुगवून दाखवताय. कराचे जवळपास ४,००० परत मिळतात, ते काढा. हिशेब बदलतो.

केळीवाली_रावेर
दादा, मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, छोट्या धंद्यांसाठी असते ती.

जमाखर्च_भुसावळ
मग नाही मिळणार. माझं चुकलं. कंपोझिशनवाल्याला भरलेल्या कराची वजावट नाही आणि बिलावर कर लावताही येत नाही. मी आमच्या नेहमीच्या पक्षकारांच्या हिशेबाने बोललो.

मोजपट्टी
त्यातून एक आणखी निघतं. इतर दुकानदार हिस्सा देताना विक्रीतून जीएसटी वजा करून उरलेल्यावर देतात. ताईंच्या बिलावर कराची ओळच नाही, म्हणून त्यांना पूर्ण किमतीवर हिस्सा पडेल. करारात "निव्वळ विक्री" लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका.

धुळ्याची_ज्योती
मी धुळ्यात आग्रा रोडवर दहा वर्षं फराळाचं दुकान चालवते. मॉलचं मला कळत नाही, पण आपल्याकडच्या गर्दीचं कळतं. बाई, तुम्ही पावसाळ्यात मोजलंत. आपल्याकडे पैसा कापसासोबत येतो. पहिली वेचणी विकली, दिवाळी आली की लोकांच्या हाताला सैलपणा येतो, आणि तो संक्रांतीपर्यंत टिकतो. मग आखाजी. लेकी माहेरी येतात, परत जाताना पिशवी भरून न्यायची असते, तेव्हा वेफर्स, बिबड्या, पापड हातोहात जातात. कानबाईच्या रोटांच्या आठवड्यातही गावोगावचे पाहुणे घरी असतात. मे महिन्यात मॉलमध्ये तोबा गर्दी दिसेल, पण ती गारव्याला आलेली. चव्वेचाळीस अंशांत तळलेलं कोण मागतं?

म्हणून सरळ अकरा महिने कशाला? दिवाळीचे तीन आठवडे मागा. काउंटर बनवू नका, घडीचं टेबल आणि स्वच्छ चादर. नाहीतर जळगावातच फुले मार्केटकडे एखाद्या चालत्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरा. तिथे माणूस खरेदीलाच येतो, हिंडायला नाही.

कव्हरवाला_अमळनेर
इतलं सोपं नही शे ताई. ओट्यावरचं भाडं तोंडी असतं. मालकाच्या पोराने दुकान हातात घेतलं की उद्या उठ म्हणतो. मॉलचा निदान कागद असतो.

धुळ्याची_ज्योती
तुमच्या कागदानेच तुम्हाला जिन्यामागे बसवलं ना भाऊ? मी टोचून बोलत नाही, वाईट वाटतं वाचून. पण ओट्यावर नऊ हजारांत काम होतं आणि न जमलं तर काउंटरचे दीड लाख बुडत नाहीत.

मोजपट्टी
ज्योतीताईंचं मोसमाचं म्हणणं मला मान्य, माझ्या मांडणीत ते नव्हतं. फक्त दिवाळीतही आधी विचारा, त्या तीन आठवड्यांचा दर काय. मॉलवाले सणाला जागेचा दर वाढवतात. रोजचा दर एका दिवसाच्या सुटणाऱ्या पैशांशी ताडून बघा. सध्याच्या रविवारचे ४० गुणिले ५५, म्हणजे २,२००. त्यातून मुलीची मजुरी आणि मोडतोड गेली की भाड्याला करासकट बाराशे-पंधराशेच्या वर देण्यासारखं राहत नाही. दिवाळीत गर्दी तिप्पट झाली तर आकडा वेगळा, पण तिप्पट होते का ते लाह्यावाल्या मुलीला विचारा. तिने एक दिवाळी काढली असेल तर.

बिल मोठं करणं हा दुसरा उपाय. अर्धा किलो वेफर्स, बिबड्या आणि पापड एका पेटीत, ३५० ला. पण बाया मागचा भाव बघून ठेवतात हे तुम्हीच पाहिलंय.

हॉटेलवाला_चाळीसगाव
सगळे विक्रीच मोजताय. मॉलमधलं काउंटर ही जाहिरात आहे. तिथे चव बघितलेला माणूस नंतर फोनवर पाच किलो मागवतो, मुंबई-पुण्याला पाठवतो. माझ्या हॉटेलात भरीत खाऊन गेलेले आजही पार्सल मागवतात. तो धंदा कुठे धरलात?

केळीवाली_रावेर
हे माझ्याही मनात होतं. पण करारात लिहिलंय, "काउंटरवरून झालेली किंवा काउंटरमार्फत मिळालेली सर्व विक्री." फोनवरची ऑर्डर "काउंटरमार्फत" झाली का? पाकिटावर माझाच नंबर आहे.

मोजपट्टी
तिथेच भांडणं होतात. काही ठिकाणी दिवस संपल्यावर फक्त बिलयंत्राची बेरीज घेतात, काही ठिकाणी यूपीआयचा तपशीलही मागतात. "मार्फत" हा शब्द काढून "काउंटरवर बिल केलेली विक्री" असं करून घ्या. मी पलीकडे असताना हा बदल कधी मान्य केला, कधी नाही. तुमचा माणूस काय करेल ते सांगता येत नाही.

हॉटेलवाला_चाळीसगाव
म्हणजे जाहिरातीचं मोल कसं धरायचं?

मोजपट्टी
भाऊ, त्याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. ताईंच्या प्रदर्शनानंतर किती फोन आले ते त्याच सांगू शकतील.

केळीवाली_रावेर
गेल्या डिसेंबरच्या प्रदर्शनानंतर अकरा फोन आले. त्यातले चार अजून मागवतात, दर महिन्या-दीड महिन्याला दोन-तीन किलो. मी ते लिहून ठेवलंय म्हणून सांगता आलं.

काल मॉलमध्ये जाऊन आले. अकरा महिन्यांना नाही म्हटलं. धनत्रयोदशीच्या आधीचे वीस दिवस, सहा बाय तीनचं टेबल, बाहेर पडायच्या दाराच्या डाव्या हाताला, एवढं लेखी मागितलं. तो रोजचे १,८०० म्हणतोय, कर वेगळा. मी १,१०० म्हटलं आणि स्थलांतराचं कलम काढायला सांगितलं. कलम काढतो म्हणाला, दराचं साहेबांना विचारून सांगणार आहे. लाह्यावाल्या मुलीने तिची दिवाळीची वही दाखवली. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी ९४ बिलं, पण त्याच आठवड्यातल्या मंगळवारी १७.

येत्या शनिवारी मुलगी त्या दाराजवळ बसून मोजणार आहे, कारण आतापर्यंतची मोजणी मधल्या जागेची होती. आकडे आले की इथेच टाकते. फुले मार्केटच्या ओट्याचंही विचारायचंय. ज्योतीताई, नऊ हजारांत वीज धरलीय का?